आठवणीला लावलेली कात्री

एका कथेचा हा सांगाडा. कथा कल्पित आहे, तिच्यातले काम मात्र अगदी खरे आहे.

बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी मोबाइल आणि शर्टाच्या कॉलरला अडकवायचा छोटा माइक घेऊन गावातल्या तात्यांच्या ओसरीवर बसते. विषय १९७२चा दुष्काळ. तात्या तेव्हा विशीतले होते, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. ते अडीच तास बोलतात. मुलीला गावच्या जत्रेत दाखवायला बारा मिनिटांची फिल्म हवी आहे.

नवखा माणूस इथे थेट संगणकावर कापाकापीला बसतो आणि फसतो. आधी ऐकलेले सगळे लिहून काढावे लागते. तासाभराच्या बोलण्याला लिहायला चार-पाच तास सहज जातात, त्यातून गावाकडची बोली असली तर जास्तच. प्रत्येक परिच्छेदासमोर मिनिट आणि सेकंद मांडायचे, मग कागदावरच खुणा करून फिल्म जुळवायची. मुलगी हे करते. मिलो ज्वारीची तांबडी भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, हजेरी घेणारा मुकादम अशा जागा तिच्या हाती लागतात.

आता कात्री. तात्यांच्या एका वाक्याचा शेवट दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला जोडला की पडद्यावर त्यांची मान एकदम उडी मारते. त्यावर उपाय म्हणजे आवाज चालू ठेवून वर दुसरे चित्र घालायचे: त्यांचे हात, तलावाचा बांध, भिंतीवरचे जुने छायाचित्र. चित्राचा सांधा असा झाकता येतो, आवाजाचा झाकत नाही. ओसरीवरच्या पंख्याची घरघर मध्येच तुटली की कान लगेच दचकतो. म्हणून जाणकार लोक मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात आणि सांध्यांखाली ती पसरतात. जोड नीट बसलाय का, हे डोळे मिटून ऐकले की कळते.

खरी अडचण मात्र सांधा बेमालूम बसल्यावरच सुरू होते.

तात्या सुकडीच्या रांगेबद्दल विसाव्या मिनिटाला बोलले होते. धाकटी बहीण त्याच वर्षी गेली, हे त्यांनी तासाभराने, वेगळ्याच ओघात सांगितले. मुलीने दोन्ही शेजारी ठेवले: लांबलचक रांग, तात्यांचे काही क्षण गप्प राहणे आणि मग, ‘‘त्याच साली बहीण गेली आमची.’’ परिणाम जबर होता. घरात ज्याने पाहिले, त्याचे डोळे भरून आले.

जत्रेआधी तिने फिल्म तात्यांना दाखवली. ते म्हणाले, ‘‘पोरी, ती उपाशी न्हाय गेली. पान लागलं तिला, कडब्याच्या गंजीपाशी.’’

मूळ ध्वनिफितीत सापाचा उल्लेख होता. पुढच्याच वाक्यात होता आणि तिथेच कात्री चालली होती. एकही शब्द खोटा नव्हता, तरी फिल्म खोटे बोलत होती. दोन तुकडे शेजारी आले की पाहणारा त्यांच्यात कारण आणि परिणाम शोधतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव याने शंभरएक वर्षांपूर्वी एकाच नटाच्या त्याच चेहऱ्याला वेगवेगळी चित्रे जोडून हे दाखवले होते. भूक आणि शोक प्रेक्षकाने स्वतःच त्या चेहऱ्यात भरले. आणि ती गप्प जागा? ती खरे तर तात्या पाण्याचा घोट घेत होते तिथली, तिसऱ्याच ठिकाणची. मला विचाराल तर दुसऱ्या जागचे मौन आणून बसवणे हा शब्द बदलण्याइतकाच मोठा अपराध आहे.

उलट बाजूचीही एक गाठ कथेत येते. तात्या म्हणतात, ‘‘रोजगार हमीचा कायदा होता म्हणून काम मिळालं.’’ तो कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि १९७९पासून लागू झाला. दुष्काळात होती ती सरकारी मदतीची कामे. आठवणीने पुढचे नाव मागच्या कामाला दिले. म्हणून ते वाक्य गाळायचे का? मुलगी ते ठेवते आणि पडद्याच्या तळाशी कायद्याचे साल एका ओळीत देते. तात्यांचे बोलणे तात्यांचे राहते, तारखेची जबाबदारी फिल्म घेते. बहिणीचा प्रसंग ती सापासकट पुन्हा त्याच्या जागी नेते. फिल्म चौदा मिनिटांची होते आणि थोडी सैलही पडते.

असे काम तुमच्या घरात कोणी करणार असेल, तर दोन गोष्टी आधी ठरवा. मूळ अडीच तास जसेच्या तसे, निदान दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा, कारण फिल्ममध्ये काय गळले हे पुढे तपासायला तेवढाच पुरावा उरतो. आणि गावाने पाहण्याआधी ज्याची आठवण आहे त्याला फिल्म दाखवा, नको म्हणण्याचा हक्क देऊन.