पीएचचं गणित लॉगमध्ये का अडतं?

०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? अकरावी-बारावीच्या चाचण्यांत हा प्रश्न हमखास येतो आणि 3.30 हे चुकीचं उत्तरही हमखास येतं. रसायनशास्त्र इथे सोपं आहे. हे तीव्र आम्ल पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटित होतं, म्हणून हायड्रोजन आयनांची संहती २ × १०⁻³ धरायची. गडबड होते ती लॉग घेताना.

पीएच म्हणजे या संहतीचा लॉग, चिन्ह उलटं करून. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये हे माप मांडलं.

log(2 × 10⁻³) = 0.30 − 3 = −2.70
pH = 2.70

चिन्ह दोन्ही पदांचं बदलतं, हे विसरलं की ०.३० आणि ३ यांची बेरीज होते. ही चूक पकडायला कॅल्क्युलेटर लागत नाही. २ × १०⁻³ ही संख्या १०⁻³ पेक्षा मोठी आणि १०⁻² पेक्षा लहान आहे, म्हणजे पीएच २ आणि ३ च्या मध्येच हवा. 3.30 तिथेच बाद.

आम्लाऐवजी तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड दिलं, तर 2.70 हा पीओएच झाला. २५ अंश सेल्सिअसला दोन्हींची बेरीज १४ असते, म्हणून पीएच 11.30. घाईत 2.70 लिहून मोकळं होणाऱ्याने आम्लारीला आम्ल करून टाकलेलं असतं.

बफरमध्ये लॉग गुणोत्तराचा घ्यायचा असतो. समजा, एकाच द्रावणात ०.१० मोलर ॲसिटिक आम्ल आणि ०.२० मोलर सोडियम ॲसिटेट आहे. या आम्लाचा pKa 4.76 असतो.

pH = pKa + log([क्षार]/[आम्ल])
pH = 4.76 + log 2 = 5.06

गुणोत्तर उलटं मांडलं तर 4.46 येतं, आणि तेही अगदी खरं वाटतं. पण क्षार आम्लापेक्षा जास्त असेल, तर पीएच pKa च्या वर जायला हवा. दोन्ही समान असतील, तर log 1 शून्य, म्हणून पीएच थेट pKa एवढा.

कधी आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर फसतं. १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच सूत्राने ८ येतो. पण आम्ल पाण्यात कितीही पातळ केलं, तरी २५ अंशांना द्रावण आम्लारिधर्मी कसं होईल? इथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आम्लापेक्षा जास्त असतात. ते हिशेबात धरले की एकूण संहती सुमारे १.०५ × १०⁻⁷ भरते आणि पीएच 6.98 येतो. लॉगला दिलेली संहतीच अपुरी असेल, तर त्यात लॉगचा काही दोष नाही.