विमान लेट, गाडी पुण्यात

दुबईहून मुंबईला येणारं विमान रात्री साडेनऊला सुटणार होतं, ते साडेअकराला सुटेल असं गेटवर जाहीर होतं. पुण्याहून न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरला आपण घाईत लिहितो, "फ्लाइट दोन तास लेट आहे." एवढ्याने त्याला फारसं काही कळत नाही. दोन तास कशापासून मोजायचे? शिवाय साडेअकरा हे दुबईचं घड्याळ. ते आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने भारतात तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो.

ड्रायव्हरला विमानाच्या वेळेपेक्षा आपण दारातून बाहेर कधी येणार हे हवं असतं. ती वेळ आपणच काढून द्यावी. प्रवास साधारण तीन तासांचा, म्हणजे विमान भारतीय वेळेनुसार पहाटे चारला उतरेल. इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा यांत एक तास जातो असं धरा. म्हणजे पाच. पुण्याहून मुंबई विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर, रस्त्यात साडेचार तास धरले तर त्याला साडेदहाऐवजी रात्री साडेबाराला निघायचंय. रात्रभर एक्सप्रेसवेवर गाडी हाकणाऱ्याला हे आठच्या सुमारास कळलं, तर तो दोन तास झोपून निघतो.

दुसरी गफलत तारखेची. "शनिवारी रात्री दोनला" म्हणजे नेमकं कधी, यावर हमखास घोळ होतो. वार लिहावा आणि पहाट म्हणावं.

मेसेज असा असावा:

"दादा, फ्लाइट लेट झालीय. आता रविवारी पहाटे ४ ला मुंबईत उतरेल, मी ५ पर्यंत बाहेर येईन. आधीचे ३ वाजताचे पिकअप रद्द धरा. टर्मिनल २, फ्लाइट नंबर तोच. तुम्ही अजून निघाला नसाल तर साडेबाराला निघा. निघाला असाल तर कुठे आहात ते कळवा. नवीन वेळ आणि तुम्ही कधी निघताय, दोन्ही लिहून पाठवा."

शेवटचं वाक्य गाळू नये. निळ्या टिका दिसल्या म्हणजे मेसेज उघडला गेला, एवढंच. नुसत्या "ओके"वरही मी विसंबत नाही, कारण गाडी चालवता चालवता तो कशालाही दिला जातो. उत्तरात "५ वाजता, १२.३० ला निघतो" असं आलं तरच निश्चिंत व्हावं. दहा मिनिटांत काही आलं नाही तर फोन करावा, आणि हाच मेसेज गाडीमालकालाही टाकावा. ऐनवेळी ड्रायव्हर बदललेला असू शकतो.

तो आधीच निघालेला असेल, तर वेटिंग आणि पार्किंगचे पैसे कोण देणार ते तेव्हाच विचारून घ्या. पहाटे पाचला, सामान हातात घेऊन, हा हिशेब कुणालाच नको असतो.