कुत्रा कोणत्या वर्गात बसवायचा?

अमरकोशात कुत्रा शोधायचा असेल तर आपण साहजिकच ‘सिंहादिवर्ग’ उघडू. सिंह, वाघ, डुक्कर, माकड अशी मंडळी तिथे आहेत, अगदी मांजरसुद्धा आहे. कुत्रा मात्र नाही. तो सापडतो चार वर्ग ओलांडून पुढे, शूद्रवर्गात. घोडा आणि हत्तीही सिंहाच्या शेजारी नाहीत, ते क्षत्रियवर्गात आहेत. गाय आणि शेळी वैश्यवर्गात.

पहिल्यांदा हे वाचताना कोशकाराच्या हातून पानं सरमिसळ झाली असावीत असंच वाटतं. तसं काही झालेलं नाही. अमरसिंहाने प्राण्यांची वाटणी ते कोणाच्या दावणीला बांधलेले असतात, यावरून केली आहे. हत्ती-घोडे सैन्यात, म्हणून क्षत्रियाकडे. गुरं शेती-व्यापारात, म्हणून वैश्याकडे. कुत्र्याच्या नोंदीच्या आधी शिकाऱ्याचे शब्द येतात आणि नोंदीनंतर लवकरच शिकारीचे. म्हणजे कुत्रा शिकाऱ्याच्या सामानाबरोबर आला. समाजाची उतरंड कोशकाराने जनावरांवरही चढवली, हे आज खटकतं आणि खटकायलाच हवं. पण त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न ‘हा प्राणी कोणत्या जातकुळीचा?’ असा नव्हता, ‘हा कोणाच्या कामाचा?’ असा होता. शब्दांची उतरंड रचणाऱ्या प्रत्येकाला या दोनांतला एक प्रश्न निवडावा लागतो, किंवा दोन्ही एकदम सांभाळण्याची कसरत करावी लागते.

उतरंडीतल्या नात्यांना भाषाशास्त्राने नावं दिली आहेत. ‘कुत्रा’ या शब्दाच्या वर ‘प्राणी’ हा शब्द बसतो, कारण प्रत्येक कुत्रा प्राणी असतो. वरच्या शब्दाला हायपरनिम म्हणतात, त्याच्या पोटातल्या शब्दाला हायपोनिम. ग्रीक भाषेत हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. तिसरं नातं वेगळं आहे. शेपूट हा कुत्र्याचा प्रकार नव्हे, भाग आहे. अशा शब्दाला मेरोनिम म्हणतात, मेरोस म्हणजे भाग. आपल्याकडे न्यायशास्त्राने व्यापक-व्याप्य आणि अवयव-अवयवी अशा जोड्या फार पूर्वीच पाडून ठेवल्या आहेत. मी पुढे साधेपणाने वरचा शब्द, पोटशब्द आणि अवयवशब्द म्हणेन.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘हापूस आणि इतर आंबे’ हे कानाला बरोबर लागतं, म्हणून हापूस हा आंब्याचा पोटशब्द. ‘कोय आणि इतर आंबे’ असं कोणी म्हणणार नाही, पण ‘आंब्याला कोय असते’ हे चालतं, म्हणून कोय हा अवयवशब्द.

अमरकोशात ही नाती आहेत, फक्त त्यांना पाट्या लावलेल्या नाहीत. कुत्र्याची नोंद पाहा. आधी कुत्र्याचे पर्याय येतात: सारमेय, कुक्कुर, शुनक, श्वा वगैरे. मग लगेच तीन पोटशब्द: पिसाळलेला तो अलर्क, शिकारीत तरबेज तो विश्वकद्रु आणि मादी ती सरमा. घोड्याच्या नोंदीत वनायुज, पारसीक, कांबोज, बाह्लिक असे देशांवरून पडलेले प्रकार आहेत आणि घोड्याच्या पाच चालींची नावंही आहेत. शिंगराला ‘किशोर’ म्हटलेलं आहे. दहावीतल्या मुलांना आपण किशोर म्हणतो, तेव्हा हे आठवून मला हसू येतं. हत्तीकडे गेलं तर गंडस्थळासारखे अवयव येतात आणि त्यांच्या मागोमाग साखळदंड आणि अंकुश. अंकुश हा हत्तीचा प्रकार नाही आणि अवयवही नाही, तो माहुताच्या हातातला. पण पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात हत्तीमागे अंकुश येतोच, आणि अमरकोश पाठ करण्यासाठीच रचलेला होता. सलग श्लोकात प्रकार, अवयव आणि सोबतीचं सामान एका माळेत ओवलं जातं. कोणता मणी कोणत्या नात्याने आला, ते वाचणाऱ्याने ओळखायचं.

हीच विषयवार परंपरा शिवाजी महाराजांच्या दरबारात दिसते. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश अक्षरांच्या क्रमाने लावलेला नाही, त्यातही दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग असे वर्ग आहेत. कारभाऱ्याला किल्ल्याबद्दल लिहायचं असेल तर त्याला किल्ल्याचे सगळे शब्द एकाच जागी हवे असतात. इंग्रजीत पीटर मार्क रॉजे या डॉक्टराने १८५२ मध्ये छापलेला थिसॉरसही याच पंथातला. त्याने अख्खी शब्दसंपदा सहा मोठ्या वर्गांत आणि हजार मथळ्यांत वाटली. त्याच्याकडेही मथळ्याखाली जवळचे शब्द गोळा केलेले असतात, पण जवळचे म्हणजे नेमके कोणत्या नात्याने, ते सांगितलेलं नसतं.

अक्षरक्रमाने लावलेल्या कोशात उतरंड नसते असं वाटतं, पण ती व्याख्येच्या आत दडलेली असते. ‘हापूस: आंब्याची एक जात’ या ओळीतला ‘आंबा’ हा वरचा शब्द झाला. मग आंबा काढायचा, तिथे ‘एक फळ’ मिळतं. फळ काढायचं, असं चढत जायचं. अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅम्सलर यांनी १९८० च्या आपल्या प्रबंधात एका खिशात मावणाऱ्या इंग्रजी कोशातून अशाच साखळ्या काढल्या होत्या. हा उद्योग घरच्या मराठी कोशावर करून पाहा. चार-पाच पायऱ्या मजेत चढता येतात, मग ‘वस्तू म्हणजे पदार्थ आणि पदार्थ म्हणजे वस्तू’ अशी गत होते. शिखरावर पोहोचलं की कोशकाराकडे आणखी वरचा शब्द उरत नाही आणि तो गोल फिरू लागतो.

या सगळ्या नात्यांना पहिल्यांदा पद्धतशीर पाट्या लावल्या त्या वर्डनेटने. प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९८५ मध्ये हा संगणकीय इंग्रजी कोश रचायला घेतला. त्यात समानार्थी शब्दांचा एक गट म्हणजे एक अर्थ, आणि अर्थ-अर्थांमधल्या दोऱ्या वेगवेगळ्या: प्रकाराची दोरी निराळी, अवयवाची निराळी. अवयवाच्या दोरीतही त्यांनी तीन जाती केल्या. चाक हा गाडीचा भाग, झाड हे जंगलाचं सभासद आणि पीठ हे पोळीचं द्रव्य. हा भेद केला नाही तर तर्क घसरतो. बोट हा हाताचा भाग, हात हा खेळाडूचा भाग, खेळाडू हा संघाचा भाग. म्हणून बोट हा संघाचा भाग म्हणायचा का? पहिली दोन नाती शरीराची आहेत, तिसरं सभासदत्वाचं, म्हणून साखळी तिथे तुटते. प्रकाराची साखळी मात्र सहसा अशी तुटत नाही. हापूस आंबा, आंबा फळ, म्हणून हापूस फळ.

आता आपला कुत्रा तिथे कुठे बसला ते पाहू. वर्डनेटमध्ये त्याला दोन बाप आहेत. एक ‘श्वानकुलातला प्राणी’, दुसरा ‘पाळीव प्राणी’. पहिल्या वाटेने चढलं तर मांसभक्षक, सस्तन, पृष्ठवंशीय अशा जीवशास्त्राच्या पायऱ्या लागतात आणि सगळ्यात वरच्या ‘जे काही आहे ते’ अशा अर्थाच्या शब्दापर्यंत पोहोचायला तेरा पायऱ्या पडतात. दुसऱ्या वाटेने पाळीव प्राण्यावरून थेट ‘प्राणी’ येतो आणि शिखर आठ पायऱ्यांत गाठता येतं. एकच कुत्रा, एकच शिखर, आणि अंतरं दोन. अमरसिंहाचा ‘कोणाच्या कामाचा?’ आणि जीवशास्त्राचा ‘कोणत्या कुळाचा?’ हे दोन्ही प्रश्न वर्डनेटने एकाच दोरीत बांधले, त्याचा हा परिणाम. दोन शब्दांमधल्या पायऱ्या मोजून त्यांच्या अर्थातली जवळीक ठरवणारे संगणकतज्ज्ञ इथे फसू शकतात, कारण पायऱ्यांची उंची सारखी नाही.

अवयवांची गंमत आणखी वेगळी. वर्डनेटमध्ये कुत्र्याच्या नावावर थेट नोंदलेला अवयव एकच आहे: एका ठरावीक, ठसठशीत शेपटीला इंग्रजीत असलेलं खास नाव. बाकी पाय, पोट, डोळे कुठे गेले? ते वरच्या पायऱ्यांवर एकदाच लिहून ठेवले आहेत, खालच्यांनी वारसाहक्काने घ्यायचे. साधी शेपूट पृष्ठवंशीयांच्या खात्यात आहे. सोय मोठी, हजारो प्राण्यांना पुन्हापुन्हा शेपूट जोडावी लागत नाही. पण माणूसही पृष्ठवंशीयच, तेव्हा या हिशेबाने त्यालाही शेपूट मिळते. वारसा आंधळेपणाने चालवला की असं होतं, आणि चूक ओळखायची खूणही हीच: पोटशब्दाला मिळालेला गुण वाक्यात घालून पाहायचा आणि वाक्य हास्यास्पद झालं की वरच्या पायरीवर जाऊन दुरुस्ती करायची.

मराठी वर्डनेट मुंबईच्या आयआयटीत तयार झालं, कोकणीचं गोवा विद्यापीठात. दोन्हींची पद्धत हिंदी वर्डनेटवरून पुढे जाण्याची: हिंदीतला एकेक अर्थ घ्यायचा आणि आपल्या भाषेतले शब्द त्यासमोर मांडायचे. हिंदीत ‘रोटी’ हा वरचा शब्द आहे, गव्हाची असो की बाजरीची. मराठीत गव्हाची ती पोळी किंवा चपाती, ज्वारी-बाजरीची ती भाकरी. दोघींना पोटात घेणारा रोजच्या बोलण्यातला एकेरी शब्द नाही. उलट भाऊ आणि बहीण यांच्यावर आपल्याकडे ‘भावंड’ असा सुटसुटीत शब्द आहे, तिथे हिंदीला ‘भाई-बहन’ म्हणावं लागतं. म्हणजे एका भाषेची शिडी दुसरीला टेकवली की काही पायऱ्या रिकाम्या सापडतात.

आणि या रिकाम्या पायऱ्या मराठी माणूस कशा भरतो? दोन पोटशब्द जोडून. ‘पोळी-भाकरी झाली का?’ असं विचारणारी बाई दोन पदार्थांची चौकशी करत नाही, ताटात पडणाऱ्या त्या सगळ्या जातीची करते. भाजीपाला, चहापाणी, अंथरूण-पांघरूण, मीठभाकर हे सगळे याच कारखान्यातले. शाळेच्या व्याकरणात आपण त्यांना समाहार द्वंद्व म्हणतो, जोडलेल्या पदांशिवाय त्या जातीच्या इतर वस्तूंचाही समावेश होतो असं पाठ करतो आणि पुढे जातो. ती व्याख्या वरच्या शब्दाचीच व्याख्या आहे, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही.

रिकाम्या पायरीपाशी आलेल्या कोशकारापुढे दोन वाटा असतात: जागा मोकळी सोडायची, नाहीतर ‘पीठजन्य खाद्य’ असा कोणीही न बोलणारा शब्द घडवायचा. माझं मत तिसऱ्या वाटेला आहे. ‘पोळी-भाकरी’ला पोळीच्या नोंदीत उदाहरण म्हणून कोंबू नये, तिला स्वतःची नोंद द्यावी आणि पोळी, भाकरी, फुलका, धपाटा तिच्याखाली लावावेत.