तळमजल्यावाल्यांनी डिझेल का भरायचं?

मेंटेनन्सच्या बिलात ‘जनरेटर डिझेल’ अशी नवी ओळ आली, की पहिला फोन बहुतेक तळमजल्यावरून येतो. ‘आम्ही लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, मग डिझेल कशाचं?’ दुसरा फोन परगावी राहणाऱ्या, फ्लॅटला कुलूप असलेल्या सभासदाचा. तिसरा सातव्या मजल्यावरच्या आजोबांचा, पण त्यांची तक्रार उलटी असते: वीज गेल्यावर जनरेटर दोन तासांत बंद का केला? या तिघांना एकाच पत्रात उत्तर द्यायचं काम खजिनदारावर येतं, आणि बहुतेक वेळा पत्र एका ओळीचं निघतं: ‘डिझेलचे दर वाढल्याने रक्कम वाढवण्यात आली आहे.’ त्याने कुणाचंच समाधान होत नाही. तिघांनाही हवा असतो तो हिशेब.

नियम तसा स्पष्ट आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत प्रत्येक खर्च सभासदांत कसा वाटायचा ते सांगितलेलं आहे. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर ठरते, सेवाशुल्क सर्व सदनिकांत समान वाटलं जातं. लिफ्टची देखभाल, दुरुस्ती आणि ती चालवण्याचा खर्च मात्र ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी सारखा उचलायचा, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. वीज गेल्यावर लिफ्ट डिझेलवर चालते, म्हणून लिफ्टच्या वाट्याचं डिझेल हाही ती चालवण्याचाच खर्च. तळमजला, कुलूपबंद फ्लॅट, भाडेकरू ठेवलेला फ्लॅट, कुणालाच त्यातून सूट नाही. फ्लॅटच्या क्षेत्रफळावर हा खर्च लावणंही या नियमात बसत नाही.

तळमजल्याची नाराजी त्याने संपत नाही, हे खरं. पण त्याच वाक्यातल्या ‘ज्या इमारतीत लिफ्ट आहे’ या शब्दांकडे पत्र लिहिणाऱ्यांचं लक्ष क्वचितच जातं, आणि खरा अन्याय तिथे होतो. लिफ्ट नसलेली इमारत त्याच आवारात असेल आणि सगळ्यांत सरसकट भागाकार केला, तर तिथले लोक दुसऱ्यांच्या लिफ्टचं डिझेल भरत राहतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या उपनगरातली सोसायटी. अ आणि ब या सात मजली इमारतींत प्रत्येकी 28 फ्लॅट आणि एकेक लिफ्ट. क इमारत तीन मजली, 12 फ्लॅट, लिफ्ट नाही. तिघींना मिळून 40 केव्हीएचा एकच जनरेटर. त्यावर दोन लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनीच. त्यात जून महिना, म्हणजे वाऱ्यापावसात वीज जाण्याचे प्रकार वेगळे. समजा जनरेटर महिन्याभरात 20 तास चालला.

आता किती डिझेल जळलं? इथे पहिली चूक होते. खजिनदार पंपाची पावती काढतो आणि ‘80 लिटर घेतलं’ म्हणून 80 लिटरचे पैसे लावतो. पण घेतलेलं डिझेल आणि जळलेलं डिझेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्याच्या सुरुवातीला टाकीत 40 लिटर होतं, 80 घेतलं, महिनाअखेरी पट्टी बुडवून पाहिली तर 60 उरलं. म्हणजे जळलं 60 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर 5,400 रुपये. उरलेलं डिझेल पुढच्या महिन्याचं आहे.

त्या 60 लिटरला जनरेटरच्या तास मोजणाऱ्या मीटरची साक्ष हवी. 20 तासांत 60 लिटर म्हणजे ताशी तीन लिटर. हा आकडा दर महिन्याला पत्रात छापला, तर अर्ध्या शंका आपोआप मिटतात. एखाद्या महिन्यात तो अचानक साडेचारवर गेला, तर कुणीतरी फ्लॅटचा एसी जनरेटरच्या लाइनवर जोडला आहे का, टाकीतून डिझेल जातंय का, की यंत्रातच बिघाड आहे, हे तपासायला हवं. दर आठवड्याला काही मिनिटं जनरेटर चालवून पाहतात, तेही डिझेल याच हिशेबात येतं.

मात्र ताशी तीन लिटर बघून कुणी ‘इतकं कसं?’ विचारलं, तर त्याला उत्तर द्यावं लागेल. लिफ्टची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, म्हणून जनरेटर मोठा घ्यावा लागतो. एरवी मात्र तो जवळजवळ रिकामा फिरत असतो. नीट भार असला तर एका लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज मिळते. आपल्या उदाहरणात मीटरवर महिन्याला 60 युनिट दिसली, म्हणजे लिटरला जेमतेम एक. एक युनिट 90 रुपयांना पडलं! लिफ्टच्या फेऱ्या कमी केल्या म्हणून यातलं फारसं काही वाचत नाही. इंजिन नुसतं फिरतं ठेवायलाच डिझेल लागतं, त्यामुळे खर्च मुख्यतः तासांवर ठरतो. सातव्या मजल्यावरच्या आजोबांना द्यायचं उत्तरही याच आकड्यात आहे: जनरेटरचा प्रत्येक जादा तास सोसायटीला 270 रुपयांना पडतो.

वाटणीसाठी एकच वस्तू हवी, जनरेटरवरून लिफ्टकडे जाणाऱ्या लाइनवर स्वतंत्र मीटर. त्यावर 36 युनिट आली, उरलेली 24 पंप आणि दिव्यांची. म्हणजे 60 टक्के डिझेल लिफ्टचं. असा मीटर नसेल तर मोटरांच्या क्षमतेवरून अंदाज बांधतात, पण तो फसवा असतो, कारण लिफ्ट बराच वेळ उभीच असते.

आता पत्रात हे असं जाईल:

‘सभासद बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार. जून महिन्यात जनरेटर 20 तास चालला आणि 60 लिटर डिझेल खर्च झालं, रक्कम 5,400 रुपये. त्यापैकी लिफ्टचे 3,240 रुपये अ आणि ब इमारतींतील 56 सदनिकांत समान वाटले असून प्रत्येकी 58 रुपये येतात. पंप व दिव्यांचे 2,160 रुपये सर्व 68 सदनिकांत वाटून प्रत्येकी 32 रुपये. अ व ब मध्ये एकूण 90 रुपये, क मध्ये 32 रुपये. अपूर्णांक पूर्ण रुपयात घेतल्याने जमलेले जादा 24 रुपये पुढील महिन्यात वळते केले जातील. टाकीची व मीटरची नोंदवही कार्यालयात पाहायला मिळेल.’

सरसकट भागाकार केला असता तर प्रत्येकाला सुमारे 79 रुपये आले असते. म्हणजे क इमारतीतलं प्रत्येक घर महिन्याला 47 रुपये जास्त देत राहिलं असतं आणि लिफ्टवाल्यांना जेमतेम दहा-अकरा रुपयांचा फायदा झाला असता.

ऑइल, फिल्टर आणि बॅटरीचा खर्च या ओळीत मिसळू नये. तो काही महिन्यांतून एकदा येतो, आणि डिझेलमध्ये घातला तर ताशी तीन लिटरचा ताळेबंद कुणालाच जुळवता येत नाही. बिलात दर महिन्याला रक्कम वरखाली झालेली अनेकांना नको असते. अशा सोसायट्या वर्षभर एक ठरावीक रक्कम घेतात. तसं करायचं तर सर्वसाधारण सभेत ठरवावं आणि मार्चअखेर खरे लिटर मांडून प्रत्येक इमारतीचा फरक वेगळा काढावा. क इमारतीचा फरक अ-ब च्या फरकात मिसळला, तर वर्षभर नीट ठेवलेली वाटणी शेवटच्या पानावर पुन्हा सरसकट होऊन बसते.