सदतीसात एक

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते आणि तिच्या मागे आणखी इंजिने जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. पुढचा घाट चढायला गाडीला ही ढकल लागते. बोरघाटातला हा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६३ साली वाहतुकीला खुला केला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी तो आखला होता. पंधरा मैलांहून थोड्या अधिक लांबीत तो १८३१ फूट चढतो आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतीसात एक आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर.

ज्या डोंगराच्या कुशीतून हा मार्ग जातो त्याचा उतार मात्र याहून कितीतरी तीव्र आहे. तिथे दोन पावले आडवी टाकली की एक पाऊल वर चढावे लागते, अशा जागा पुष्कळ आहेत. गणितात हा चढ ०.५ असा लिहितात. सदतीसात एक म्हणजे जेमतेम ०.०२७. डोंगर तोच आणि जागाही तीच, तरी चढ अठरा-एकोणीस पटींनी वेगळा. याचे कारण असे की डोंगरावरच्या एखाद्या बिंदूला ‘एक’ चढ नसतोच. कोणत्या दिशेने निघायचे हे ठरले की मगच चढ किती ते सांगता येते. ठरावीक दिशेने निघाल्यावर उंची ज्या दराने बदलते, त्या दराला दिशिक विकलज म्हणतात.

दिशा तर असंख्य आहेत. मग प्रत्येक दिशेचा चढ वेगळा मोजायचा का? तशी गरज पडत नाही. दोन दिशांचे चढ माहीत असले की बाकी सगळे हिशेबाने निघतात, आणि ते कसे हे एका डोंगरावर पाहता येते.

हा डोंगर कागदावरचा आहे. त्याचे शिखर ३०० मीटर उंच आहे आणि आरंभबिंदू शिखराच्या बरोबर खाली धरला आहे. पूर्वेकडचे अंतर x, उत्तरेकडचे y, आणि उंची अशी:

```
h = 300 - 0.001 x^2 - 0.002 y^2
```

y पुढचा आकडा x पुढच्या आकड्याच्या दुप्पट आहे. म्हणून हा डोंगर पूर्व-पश्चिम लांबट पसरलेला आहे आणि त्याच्या उत्तर-दक्षिण बाजू जास्त उभ्या आहेत. आता शिखरापासून १५० मीटर पूर्वेला आणि १०० मीटर उत्तरेला एक माणूस उभा आहे असे समजू. सूत्रात आकडे घातले की त्याची उंची २५७.५ मीटर येते. y तसाच ठेवून फक्त x बदलला, तर उंची बदलण्याचा दर −०.००२ गुणिले १५०, म्हणजे −०.३ होतो. पूर्वेकडे निघाले तर दर मीटरला ३० सेंटिमीटर उतार, आणि पश्चिमेकडे निघाले तर तेवढाच चढ. तसाच उत्तरेकडचा दर −०.००४ गुणिले १००, म्हणजे −०.४.

एवढे दोन आकडे पुरतात, कारण गुळगुळीत डोंगराचा अगदी लहान तुकडा जवळजवळ सपाट असतो. त्या बिंदूवर डोंगराला टेकवून एक मोठा तिरका पत्रा ठेवावा, असा की त्या जागी त्याचा कल सगळ्या बाजूंनी जमिनीशी जुळेल. हेच त्या बिंदूचे स्पर्शप्रतल. पत्रा सपाट असल्यामुळे त्याचा पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा कल कळला की तो पुरता ठरतो. आपल्या बिंदूवर त्याचे समीकरण असे आहे:

```
z = 257.5 - 0.3 (x - 150) - 0.4 (y - 100)
```

कोणत्याही दिशेचा चढ आता या पत्र्यावरून वाचता येतो. त्या दिशेने एक मीटर आडवे जाताना पूर्वेकडे किती सरकलो त्याला −०.३ ने गुणायचे, उत्तरेकडे किती सरकलो त्याला −०.४ ने, आणि दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची. (−०.३, −०.४) या जोडीला प्रवणता म्हणतात, इंग्रजीतून आलेला ग्रेडियंट हा शब्दही सर्रास चालतो. ही जोडी नकाशावर बाणासारखी काढता येते. आपल्या बिंदूवर हा बाण ३ भाग पश्चिमेकडे आणि ४ भाग दक्षिणेकडे जातो. त्याची लांबी पायथागोरसच्या नियमाने ०.५ येते. बाणाची दिशा ही सर्वांत तीव्र चढाची दिशा असते आणि बाणाची लांबी हा त्या दिशेचा चढ असतो. या बिंदूवरून कोणत्याही बाजूला निघाले तरी चढ ०.५ च्या वर जाऊ शकत नाही.

इथे एक समजूत बारकाईने तपासायला हवी. सर्वांत तीव्र चढाची दिशा शिखराकडे जाते असे अनेकांना वाटते. पण आपल्या माणसाला शिखर ३ भाग पश्चिमेला आणि २ भाग दक्षिणेला आहे, आणि बाण त्याहून अधिक दक्षिणेकडे वळलेला आहे. नाक शिखराकडे धरून चालले तर चढ ०.४७ लागतो, बाणाच्या दिशेने ०.५. फरक थोडा असला तरी खरा आहे. बाणाला फक्त पायाखालची जमीन कळते. शिखर कुठे आहे याची त्याला खबर नसते. प्रत्येक पावलाला बाण नव्याने पाहून चालत गेले तर वाट वाकडी होते. या डोंगरावर x निम्मा होईपर्यंत y पाव होतो. म्हणजे ती वाट आधी उभी बाजू चढून डोंगराच्या सोंडेजवळ येते आणि मग सोंडेच्या कडेकडेने शिखर गाठते.

बाणाशी काटकोनात निघाले, इथे ४ भाग पूर्वेकडे आणि ३ भाग दक्षिणेकडे, तर चढ शून्य. उंची त्या क्षणी वाढत नाही आणि घटतही नाही. ही समोच्चरेषेची दिशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर डोंगराळ भागात दिसणाऱ्या तपकिरी रेषा त्याच. त्या नकाशावर साधारणपणे लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषांमधले अंतर एक मिलिमीटर भरले, तर जमिनीवर ते ५० मीटर होते आणि तिथला चढ २० भागिले ५०, म्हणजे ०.४. बाण काढायचा तर रेषेला लंब, उंच बाजूकडे काढायचा.

बाणाची दिशा आणि समोच्चरेषा यांच्यामध्ये चढ सारख्या वेगाने कमी होत नाही. बाणापासून जेवढा कोन, त्याच्या कोसाइनने बाणाची लांबी गुणली की त्या दिशेचा चढ मिळतो. बाणापासून १० अंश चुकले तरी चढाचा दीड टक्काच हातचा जातो. समोच्चरेषेजवळ मात्र एकेक अंश महत्त्वाचा ठरतो. ०.५ चढाच्या डोंगरावर रूळ सदतीसात एकवर ठेवायचे, तर ते समोच्चरेषेपासून फक्त तीन अंश वर वळवता येतात. रूळ जवळजवळ आडवेच जाणार, आणि आडवी जाणारी समोच्चरेषा प्रत्येक दरीत आत शिरते व प्रत्येक सोंडेवर बाहेर येते. आगगाडीला एवढी वळणे घेता येत नाहीत. म्हणून सोंडा फोडून बोगदे काढावे लागले आणि दऱ्यांवर पूल बांधावे लागले. मूळ मार्गावर एके ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे उलट फिरण्याचे स्टेशन होते: इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावून गाडी आल्या तोंडाऐवजी शेपटीकडून पुढे निघायची.

हीच नाजूक बाजू महाराष्ट्रातल्या पाणलोटाच्या कामात रोज भेटते. डोंगरउतारावर पडलेले पाणी बाणाच्या नेमके उलट दिशेला, सर्वांत तीव्र उताराने धावते आणि माती घेऊन जाते. ते अडवायला सलग समतल चर खोदतात, म्हणजे समोच्चरेषेवरून जाणारे लांब चर. त्यांच्या दिशेने उतार शून्य असायला हवा, म्हणजे पाणी चरात जागच्या जागी थांबते आणि जमिनीत मुरते. समजा टेकडीचा उतार ०.२ आहे आणि आखणी समोच्चरेषेपासून फक्त दोन अंश चुकली. चराच्या दिशेने उतार ०.००७ होतो. आकडा किरकोळ वाटतो, पण १०० मीटर लांबीच्या चरात दोन टोकांच्या उंचीत ७० सेंटिमीटरचा फरक पडतो. चराची खोलीच फूट-दोन फूट असते. पाणी सगळ्या लांबीत न पसरता खालच्या टोकाला गोळा होते, तिथला बांध फोडते आणि एक नवी घळ तयार होते. फुटलेला चर पाहणाऱ्याला चूक लगेच ओळखता येते: एका टोकाला गाळ साचलेला असतो आणि दुसरे टोक कोरडे राहिलेले असते. म्हणून आखणी डोळ्यांच्या अंदाजावर सोडत नाहीत. ए आकाराची लाकडी चौकट किंवा पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन काही पावलांच्या अंतराने समपातळी तपासतात आणि फक्कीने रेघ मारतात.

पत्र्यावर मात्र किती दूर विश्वास ठेवायचा, हेही पाहायला हवे. आपल्या डोंगरावर बाणाच्या दिशेने एक मीटर गेल्यावर पत्रा आणि जमीन यांच्यात दीड मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. दहा मीटरवर तो सुमारे १६ सेंटिमीटर होतो. अंतर दसपट झाले की चूक शंभरपट होते. शंभर मीटरवर पत्रा ३०७.५ मीटर उंची सांगतो. खरी उंची तिथे २९१.१ आहे, आणि अख्खा डोंगरच ३०० मीटरचा आहे.

काही जागी बाणच नाहीसा होतो. शिखरावर दोन्ही आकडे शून्य होतात आणि पत्रा आडवा होतो. पण खिंडीतही तेच घडते. खिंडीच्या मध्यावर उभे राहिले तर दोन बाजूंना डोंगर चढत जातो, दोन बाजूंना वाट उतरते, आणि पायाखालचा चढ मात्र कोणत्याही दिशेने शून्य. बाणावरून शिखर आणि खिंड वेगळी ओळखता येत नाहीत. त्यासाठी चढ स्वतः कसा बदलतो हे पाहावे लागते: शिखरावर तो सगळ्या दिशांना उताराकडे झुकतो, खिंडीत काही दिशांना चढाकडे आणि काही दिशांना उताराकडे.

धारदार कड्याच्या टोकावर तर पत्रा बसतच नाही. एका बाजूने त्याचा कल एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरा असतो, त्यामुळे स्पर्शप्रतल नसते आणि दोन आकड्यांतून बाकी दिशा काढण्याचा हिशेब मोडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अडचण त्याहून मूलभूत आहे. तो कडा पोटात आत वळलेला आहे, त्यामुळे नकाशावरच्या एकाच बिंदूच्या वर कड्याची एकाहून अधिक उंची येते. अशा जागी h हे सूत्रच लिहिता येत नाही. मग x आणि y वरून उंची मागण्याऐवजी तिन्ही अंतरे मिळून एक समीकरण लिहायचे आणि कड्याचा पृष्ठभाग म्हणजे ते समीकरण शून्य होणारे बिंदू असे धरायचे. त्या समीकरणाच्या प्रवणतेचा बाण पृष्ठभागाला लंब असतो, आणि स्पर्शप्रतल त्या बाणाशी काटकोनात बसते, पृष्ठभाग उभा असो की आत झुकलेला.