करार संपायच्या आधी

पुण्या-मुंबईत एकत्र राहण्याचा विषय पुष्कळदा भाडेकरारामुळे निघतो. अकरा महिने भरत आलेले असतात, रूममेटचं लग्न ठरलेलं असतं, घरमालकाला भाडं वाढवून हवं असतं. मग दोघांपैकी एक जण म्हणतो, "नाहीतरी आठवड्यातले चार दिवस आपण बरोबरच असतो, दोन भाडी कशाला भरायची?" हिशोब बिनतोड असतो. त्यामुळे ज्याचं मन अजून तयार नाही, त्याला आपल्याकडे उत्तरच नाही असं वाटायला लागतं.

एक उदाहरण धरू. तो बाणेरला राहतो, ती कर्वेनगरला. ओळख दीड वर्षाची, नातं चांगलं. त्याचा करार ३० जूनला संपतोय. एप्रिलच्या शेवटी तो एक टू बीएचके बघून येतो आणि तिला फोटो पाठवतो. ती लिहिते, "मस्त आहे रे, बघू." तिच्या मनात ते 'नाही'च्या जवळचं असतं, त्याला मात्र ते जवळपास 'हो' वाटतं. पुढच्या पंधरा दिवसांत तो एजंटशी बोलतो, पलंग तुझा की माझा ठेवायचा हे विचारतो, मित्रांना सांगून टाकतो. असल्या प्रकरणात 'नाही' ऐकून जेवढं दुखतं, त्याहून जास्त आधीच्या 'बघू'मुळे दुखतं. तेव्हा पहिली मुदत लक्षात ठेवायची ती टोकन देण्याच्या आधीची. टोकन एकदा एजंटच्या हातात गेलं, की नकाराला पैशांच्या नुकसानीची जोड मिळते. करारावर दोघांची नावं लागून नोंदणीसाठी अंगठे उमटल्यावर तर माघार घेणं म्हणजे लॉक-इन, डिपॉझिट आणि घरमालकाची समजूत, सगळंच निस्तरणं.

बोलण्याआधी तिला एक काम एकटीने करायचं आहे. नेमकं काय आड येतंय ते शोधायचं. तिच्याकडे तीन कारणं आहेत. सांगलीला आई-बाबांना यातलं काही माहीत नाही. ती नोकरी बदलायच्या बेतात आहे. आणि तिसरं, जे तिने स्वतःशीही नीट म्हटलेलं नाही : आधी घर, मग हॉस्टेल, मग तीन मुलींबरोबरचा फ्लॅट असं करत करत तिला आत्ता कुठे स्वतःची खोली मिळाली आहे, आणि ती इतक्यात सोडवत नाही. प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारायचा : ही अडचण उद्या नाहीशी झाली तर मी जाईन का? आई-बाबा हो म्हणाले, तरी? नाही जाणार. नवी नोकरी लागली, तरी? तरीही मन मागेच राहतंय. म्हणजे खरं कारण खोलीचं.

ही चाचणी एवढ्यासाठी की आपल्याकडे घरच्यांना पुढे करणं फार सोपं असतं. "आईला कळलं तर काय होईल" म्हटलं की समोरच्याला वाईट वाटत नाही, दोष तिसऱ्याच्या माथी जातो. पण ज्याचं आपल्यावर प्रेम आहे तो अडचण सोडवायला धावतो. तो म्हणेल, "मी येतो सांगलीला, बोलतो काकांशी." आणि खरंच जाईल. मग काय करायचं? दुसरं कारण काढायचं, ते सुटलं की तिसरं. तिसऱ्या कारणापर्यंत त्याला कळून चुकतं की आपल्याला खेळवलं जातंय, आणि ते मूळ नकारापेक्षा जास्त लागतं.

आता बोलण्याची वेळ. व्हॉट्सॲपवर नको, फ्लॅट बघायला गेल्यावर जिन्यात नको, रात्री अकराला थकलेले असताना तर नकोच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सिबिल करेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ साली नवविवाहित जोडप्यांच्या वादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे कोणतं नातं तुटेल याचा अंदाज वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही बांधता येतो, असं त्यांना दिसलं. त्यांची जोडपी लग्नाची आणि अमेरिकेतली होती, तेव्हा ते जसंच्या तसं इथे लावू नये. पण सुरुवात जपून करावी, एवढं त्यातून घेता येतं. "तू मला न विचारता सगळं ठरवून मोकळा झालास" ही सुरुवात खरी असली तरी त्या वाक्याने संभाषण तिथेच संपतं. त्यानंतर तो फक्त स्वतःचा बचाव करील.

तिने उत्तर आधी द्यावं, कारण नंतर. आधी दहा मिनिटं त्याचं कौतुक आणि मग 'पण' आला, की ते कौतुकही लाचेसारखं वाटतं. शनिवारी सकाळी, चहा पिताना, साधारण असं :

"मला तुझ्याशी घराबद्दल बोलायचंय. जूनमध्ये मी तुझ्यासोबत राहायला येणार नाहीये. मी 'बघू' म्हणाले तेव्हाच हे सांगायला हवं होतं, त्याबद्दल सॉरी. आपल्यात काही बिघडलंय असं नाही. मला पहिल्यांदाच एकटीचं घर मिळालंय आणि ते मला अजून काही महिने हवंय. दिवाळीनंतर आपण पुन्हा बोलू, आणि तो विषय मी काढीन."

आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. त्याचा चेहरा पडला की तिला घाईघाईने भर घालावीशी वाटेल : "म्हणजे कदाचित ऑगस्टमध्ये... बघू या ना..." त्याच वाक्याने घोळ पुन्हा सुरू होतो.

तो बहुधा म्हणेल, "म्हणजे तुला माझ्याबद्दल खात्री नाही." खात्री असेल तर "खात्री आहे, घाई नाही" एवढं पुरे. नसेल तर खोटं बोलू नये. मग विषय घराचा नाहीच आणि तेच आधी बोलायला हवं. किंवा तो तोडगा काढेल : "छोटी खोली पूर्ण तुझी, मी पायही ठेवणार नाही." हे उडवून लावू नये. खरोखर विचार करावा, दोन दिवस मागावे, आणि तरीही नको असेल तर तसं सांगावं. तो चिडून उठून गेला तर मागे लागू नये. संध्याकाळी फोन करावा. वाईट वाटूच नये अशी अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. टाळायचा आहे तो अपमान आणि अंधारात ठेवणं.

त्याचा व्यवहार मात्र उरतोच. ३० जूनला त्याला घर लागणार, एजंटची दलाली लागणार. इथे तिने हात लावावा : त्याच्यासोबत वन बीएचके बघावेत, लॉक-इन कमीत कमी आणि नोटीस एका महिन्याची ठेवून घ्यायला सांगावं, म्हणजे दिवाळीनंतर ठरलं तर तो अडकणार नाही. भरपाई म्हणून आठवड्याचे चार दिवस सहा करू नयेत. डेन्व्हर विद्यापीठातले स्कॉट स्टॅनली आणि गॅलेना ऱ्होड्स यांनी २००६ पासून हेच मांडलं आहे : अनेक जोडपी ठरवून एकत्र राहायला जात नाहीत, घरंगळत जातात, आणि एकदा सामान, करार, खर्च एकत्र झाले की बाहेर पडणं जड जातं. (हा अभ्यास त्याच्या तोंडावर मात्र फेकू नये. वादात संशोधन आणलं की माणूस आणखी चिडतो.)

दिवाळी संपल्यावर विषय तिनेच काढायचा. त्याला आठवण करून द्यावी लागली तर शब्द पाळला नाही असंच होतं. आणि तेव्हा स्वतःला पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. खोलीचा हट्ट ओसरला असेल तर घर शोधायला लागावं. पण खोलीच्या जागी आता प्रमोशन आलं असेल, प्रमोशननंतर बहिणीचं लग्न येणार असेल, फ्लॅटचे फोटो आले की पोटात गोळा येत असेल, तर 'अजून नाही' म्हणणं थांबवावं. तेव्हा त्याला "मला हे नकोय" असं सरळ सांगावं, आणि तेही त्याने पुढच्या करारावर सही करायच्या आत.