‘हे पूर्ण करा’ : लाल रेघा आणि समासातल्या टिपांची वर्ड फाईल

ट्रॅक चेंजेस चालू ठेवून तपासलेल्या वर्ड फाईलमध्ये दोन मजकूर एकत्र नांदत असतात: मूळचा आणि सुचवलेला. खोडलेले शब्द पुसले जात नाहीत, त्यांच्यावर रेघ येते. घातलेले शब्दही मंजुरी मिळेपर्यंत सूचनाच असतात. समासातल्या टिपा, म्हणजे कमेंट, या मजकुराचा भाग नसून मजकुराबद्दलचे बोलणे असते. अशी फाईल ‘हे पूर्ण करा’ एवढ्याच निरोपासह हाती येते, तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो नेमके काय पूर्ण करायचे हा. सगळे बदल स्वीकारून स्वच्छ प्रत द्यायची, की टिपांमध्ये सांगितलेले लेखन करायचे, की दोन्ही? निरोप गप्प असला तरी फाईल बरेच सांगते.

एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अहवालाचे उदाहरण घेऊ. सचिवांनी मसुदा लिहिला, कोषाध्यक्षांनी आकडे दुरुस्त केले, अध्यक्षांनी भाषेवर हात फिरवला आणि सचिवांनी फाईल संस्थेच्या मॅनेजरकडे पाठवली. सहा पाने, एकतीस बदल, सात टिपा.

मॅनेजरने आधी मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवावी आणि मग `Review` टॅबमध्ये `All Markup` निवडावे. `Simple Markup` या दृश्यात सगळे बदल स्वीकारल्यासारखा मजकूर दिसतो आणि समासात फक्त एक उभी लाल रेघ असते. `No Markup` मध्ये तीही नसते. पण बदल त्यामुळे संपत नाहीत, नुसते पडद्याआड जातात. `Reviewing Pane` उघडले की बदलांची यादी आणि एकूण संख्या समोर येते.

बदलांना हात लावण्याआधी टिपा वाचलेल्या बऱ्या, कारण काम कुठवर आले आहे ते त्यांतूनच कळते. या अहवालातल्या दोन टिपांखाली उत्तरे आहेत: अध्यक्षांनी ‘हा शब्द बरोबर आहे का?’ विचारले, सचिवांनी ‘हो, राहू द्या’ लिहिले. तो विषय मिटला. तीन टिपा म्हणजे सरळ कामे आहेत, उदाहरणार्थ ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल इथे दोन ओळी घाला’. कामाची तारीख आणि खर्च दप्तरात असेल, तर या ओळी मॅनेजर लिहू शकतो. नसेल तर अंदाजाने लिहू नयेत. सहावी टीप ‘छान लिहिलंय’ अशी आहे, तिथे काहीच करायचे नाही. सातवीत कोषाध्यक्ष विचारतात, ‘लिफ्टची वर्गणी यंदाच घ्यायची ठरलंय का?’ हा प्रश्न सचिवांना आहे. त्याचे उत्तर मॅनेजरने दिले तर ते पूर्ण करणे नव्हे, परस्पर निर्णय घेणे होईल.

आता बदल. एकतीसपैकी बरेच शुद्धलेखनाचे आहेत आणि ते बिनदिक्कत स्वीकारता येतात. मराठीत मात्र इथे एक खाच आहे. ‘कि’चे ‘की’ करताना कधी कधी फक्त वेलांटी खोडली जाते आणि नवी घातली जाते. फाईलच्या दृष्टीने ते दोन बदल असतात. घातलेली वेलांटी स्वीकारली आणि खोडलेली चुकून नाकारली, तर एका अक्षराला दोन वेलांट्या लागतात. दुसरी खाच लिंगाची. अध्यक्षांनी ‘ठराव’ खोडून ‘शिफारस’ लिहिले, पण वाक्याच्या शेवटचे ‘मंजूर झाला’ तसेच राहिले. तो बदल स्वीकारताच वाक्य बिघडते. म्हणून प्रत्येक बदल स्वीकारल्यावर ते वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचावे लागते. नुसती लाल अक्षरे पाहून भागत नाही.

आकड्यांचेही तसेच. अंदाजपत्रकात कोषाध्यक्षांनी दरमहा देखभाल शुल्क 1,850 वरून 2,100 रुपये केले. सदनिका 48. तक्त्यातली वार्षिक बेरीज मात्र अजून 10,65,600 आहे, जी जुन्या दराने येते; नव्या दराने ती 12,09,600 होते. दुसऱ्या पानावरच्या परिच्छेदातही 1,850 तसाच आहे. दर बदलला की या दोन्ही दुरुस्त्या ओघाने आल्याच, त्या मॅनेजरने कराव्यात. मात्र ट्रॅक चेंजेस चालू ठेवून, म्हणजे त्या कोणी केल्या हे दिसेल.

खरी अडचण पार्किंगच्या परिच्छेदात आहे. अध्यक्षांनी तो सबंध खोडला. नंतर कोषाध्यक्षांनी त्या खोडलेल्या मजकुराच्या मध्येच एक वाक्य घातले: ‘ही रक्कम स्टिल्ट पार्किंगला लागू नाही.’ `Accept All Changes` दाबले तर परिच्छेद जातो आणि हे वाक्य एकटे मागे उरते. कोणती रक्कम, हे कोणालाच कळणार नाही. क्रम उलटा असता, म्हणजे वाक्य आधी घातलेले असते आणि मग सगळे खोडले असते, तर तेही परिच्छेदाबरोबर गेले असते. प्रत्येक बदलासोबत नाव आणि वेळ नोंदलेली असते, त्यावरून हा क्रम कळतो. काही फायलींत सगळ्यांच्या नावाच्या जागी नुसते `Author` दिसते. मग हा माग संपतो. काहीही असले तरी परिच्छेद ठेवायचा की नाही हा दोन पदाधिकाऱ्यांमधला मतभेद आहे. ते बदल आहेत तसे ठेवून विचारणेच योग्य.

फाईल वर्डमध्ये न उघडता तिच्यातला मजकूर एखाद्या प्रोग्रॅमने काढून घेतला तर आणखी एक फसगत होते. आत तो बदल साधारण असा असतो:

```
<w:del w:id="7" w:author="कोषाध्यक्ष">
  <w:r><w:delText>1,850</w:delText></w:r>
</w:del>
<w:ins w:id="8" w:author="कोषाध्यक्ष">
  <w:r><w:t>2,100</w:t></w:r>
</w:ins>
```

काही साधी साधने या दोन्ही खुणांच्या आतला मजकूर वगळतात. मग हाती येते ‘दरमहा रुपये शुल्क’, ना जुना आकडा ना नवा. टिपा तर वेगळ्याच भागात साठवलेल्या असल्याने बहुधा येतच नाहीत. वाक्यात आकडा किंवा कर्ता गळालेला दिसला, तर आधी संशय याचाच घ्यावा.

परत पाठवताना दोन फायली द्याव्यात. एकीत सगळ्या खुणा आणि मॅनेजरचे स्वतःचे बदल दिसत राहतील. पार पडलेल्या टिपा पुसायच्या नाहीत, `Resolve` करायच्या. दुसरी स्वच्छ प्रत, जिच्यात पार्किंगचा परिच्छेद मूळ रूपात, पिवळ्या रंगात असेल. सोबत चार ओळींचा निरोप पुरे: काय स्वीकारले, कोणती बेरीज बदलली, काय नव्याने लिहिले, आणि पार्किंग व लिफ्ट हे दोन प्रश्न. निरोप मोघम आला म्हणून उत्तरही मोघम असायचे कारण नाही.

स्वच्छ प्रत खरोखर स्वच्छ आहे का, हे `Reviewing Pane` मधला आकडा शून्य झाल्यावरच मानावे. पानाच्या माथ्यावरचा, तळटिपांतला आणि चौकटींतला मजकूरही पाहावा. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येच्या चौकशीचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल ऑक्टोबर 2005 मध्ये वर्ड फाईल म्हणून बाहेर पडला, तेव्हा तिच्यात ट्रॅक चेंजेस शिल्लक होते. अहवालातून खोडलेली सीरियातील बड्या व्यक्तींची नावे पत्रकारांनी त्यातच वाचली. शेवटी `Compare` ने मूळ फाईल आणि स्वच्छ प्रत समोरासमोर ठेवली की न कळत झालेला एखादा बदलही उघडा पडतो, आणि छापण्याआधी प्रिंटच्या पर्यायांतली `Print Markup` ची खूण काढली की छापलेल्या पानावर रेघा येत नाहीत.